‘अ नंबर ऑफ’ की ‘द नंबर ऑफ’? अहवालातलं क्रियापद नक्की कुणाचं ऐकतं?

सुटसुटीत

मंडळी, यंत्रांच्या देखभालीचा आमचा तिमाही अहवाल इंग्रजीत निघतो. प्रत्येक जण आपापला भाग लिहून देतो आणि मी ते सगळं जोडून एकसारखं करते. या वेळी एका वाक्यावरून दोन तपासनिसांची जुंपली आहे. वाक्य असं:

‘द नंबर ऑफ व्हॉल्व्ज वेअर रिप्लेस्ड ड्युरिंग द शटडाउन.’

एकाने ‘वेअर’ खोडून ‘वॉज’ केलं, कारण नंबर एकवचनी. दुसऱ्याने ते पुन्हा ‘वेअर’ केलं, कारण व्हॉल्व्ज अनेक. आता फाइल माझ्या टेबलावर. खरं सांगायचं तर मला दोन्ही वाचताना अडखळायला होतं, पण का ते सांगता येत नाही. पुढच्या पानांवर याच जातीची आणखी वाक्यं आहेत:

‘अ नंबर ऑफ लीक्स हॅज इन्क्रीज्ड सिन्स द लास्ट इन्स्पेक्शन.’

‘द नंबर ऑफ लीक्स दॅट वेअर फाउंड इन द सेकंड राउंड आर लेस.’

‘अ टोटल ऑफ ६२ व्हॉल्व्ज वॉज इन्स्पेक्टेड.’

एकदा काय ते ठरवून टाकू या. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ठोकताळा

यात ठरवायचं काय? ‘द’ आलं की एकवचन, ‘अ’ आलं की अनेकवचन. ऐकायला उलटं वाटतं, म्हणूनच डोक्यात पक्कं बसतं. मी वर्षानुवर्षं एवढ्यावरच भागवतोय. तुमचा पहिला तपासनीस बरोबर आहे, ‘वॉज’ ठेवा आणि पुढे चला.

जुनाखोड

माझा यावर जुना आक्षेप आहे. आम्हाला शाळेत सांगितलं होतं की ‘ऑफ’च्या पुढचं सगळं शेपूट असतं, कर्ता ‘ऑफ’च्या आधी बघायचा. मग ‘द नंबर’ एकवचनी आणि ‘अ नंबर’ अनेकवचनी, हा कुठला न्याय? शब्द तोच, आर्टिकल बदललं म्हणून वचन बदलतं? एकवचन तर दोन्हीकडे एकवचन. बाकी सगळं लोकांनी चुकत चुकत रुळवलेलं आहे.

काटछाट

सुटसुटीतताई, तुमचे दोन्ही तपासनीस चुकीच्या शब्दावर भांडताहेत. पहिल्या वाक्यात क्रियापदाला हात लावायचाच नाही, चूक ‘द’मध्ये आहे.

वाक्याचा शेवट आधी वाचा. ‘रिप्लेस्ड’, म्हणजे बदलले. काय बदललं? व्हॉल्व्ह. संख्या काही कुणी पाना घेऊन बदलत नाही. ‘द नंबर ऑफ व्हॉल्व्ज’ लिहिलं की वाक्य संख्येबद्दल झालं, आणि संख्येच्या बाबतीत घडू शकणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: ती वाढते, घटते, स्थिर राहते, अमुक एक असते, अपेक्षेपेक्षा जास्त निघते, नोंदवली जाते. ती गळत नाही, तिची दुरुस्ती होत नाही. म्हणून ‘वेअर’चं ‘वॉज’ केल्यावर व्याकरण वरवर जुळलं, पण ‘व्हॉल्व्हची संख्या बदलून नवी बसवली’ असा अर्थ झाला. तुम्ही अडखळलात त्याचं कारण हेच.

दुरुस्तीच्या वाटा दोन. लेखकाला नुसतं ‘बरेच व्हॉल्व्ह बदलले’ म्हणायचं असेल तर ‘अ नंबर ऑफ व्हॉल्व्ज वेअर रिप्लेस्ड’. आकडा द्यायचा असेल तर ‘द नंबर ऑफ व्हॉल्व्ज रिप्लेस्ड ड्युरिंग द शटडाउन वॉज १४’. या दुसऱ्या रूपात ‘रिप्लेस्ड’ हे मुख्य क्रियापद राहिलेलं नाही, ते व्हॉल्व्हचं विशेषण होऊन बसलंय. मुख्य क्रियापद ‘वॉज’, आणि ते संख्येबद्दल बोलतंय.

मी मसुदा तपासताना याच क्रमाने जातो. आधी विधेय वाचतो आणि ते संख्येला लागतंय की वस्तूंना ते बघतो. त्यावरून आर्टिकल ठरतं. क्रियापदाचं वचन सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा ते आपसूक जुळलेलं असतं. लोक नेमकं उलट्या टोकाकडून सुरू करतात.

जुनाखोड, तुमच्या शंकेला उत्तर असं की ‘अ नंबर ऑफ’ हे तीन शब्द मिळून ‘मेनी’ किंवा ‘सेव्हरल’चं काम करतात. ‘मेनी व्हॉल्व्ज वेअर’ म्हणताना तुम्ही ‘मेनी’चं वचन विचारता का? तिथे ‘नंबर’ कर्ता उरलेलाच नाही, कर्ता व्हॉल्व्ह. तुमचा शेपटाचा नियम ‘द नंबर ऑफ’ला मात्र चोख लागू आहे.

जुनाखोड

‘मेनी’चं पटलं असं म्हणत नाही, पण मुद्दा कळला. आमचे मास्तर ‘अ नंबर ऑफ मेन वॉज’ लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क द्यायचे.

काटछाट

देत असतील. आज ते वाक्य कुठल्याही संपादकाकडे गेलं तर लाल शाई लागून परत येईल.

गणिताचा_मास्तर

मला प्रश्नच वेगळा वाटतोय. व्हॉल्व्हवर नंबर कोरलेला असतो ना? तो ‘द नंबर ऑफ द व्हॉल्व्ह’. तो एकच असणार, म्हणून एकवचन. बहुतेक नवा व्हॉल्व्ह आला की नंबर बदलतो, म्हणजे ‘द नंबर वॉज रिप्लेस्ड’ बरोबरच आहे की!

सुटसुटीत

मास्तर :-) ओळख-क्रमांकाबद्दल नाही, किती व्हॉल्व्ह त्याबद्दल चाललंय.

काटछाट

पण मास्तरांच्या गैरसमजातून एक कामाची गोष्ट निघते. ‘ऑफ’च्या पुढे ‘द व्हॉल्व्ह’ असं एकवचन आलं तर ‘नंबर’चा अर्थ खरोखरच क्रमांक होतो. मोजणी अभिप्रेत असेल तर पुढचं नाम अनेकवचनीच हवं, मग आधी ‘अ’ असो की ‘द’. ‘अ नंबर ऑफ व्हॉल्व्ह वेअर’ असं अर्धवट अनेकवचन मसुद्यांत पुष्कळ दिसतं. मराठीत ‘चार व्हॉल्व्ह’ म्हणताना शब्दाचं रूप बदलत नाही, म्हणून तो शेवटचा ‘ज’ हातातून निसटतो.

आता तुमचं दुसरं वाक्य, सुटसुटीतताई. या चौघांत मला ते सगळ्यात धोक्याचं वाटतं. ‘अ नंबर ऑफ लीक्स हॅज इन्क्रीज्ड’. ठोकताळा, तुमच्या नियमाने हे कसं दुरुस्त कराल?

ठोकताळा

‘अ’ आहे, म्हणून अनेकवचन. ‘अ नंबर ऑफ लीक्स हॅव इन्क्रीज्ड’. झालं.

काटछाट

व्याकरण बिनचूक, आणि अर्थ भलताच. तुमच्या वाक्याचा अर्थ झाला की काही ठिकाणची गळती वाढली, म्हणजे आधी थेंब थेंब होतं तिथे आता धार लागली. लेखकाला म्हणायचं होतं की गळतीच्या जागा आधी ९ होत्या, आता ११ झाल्या. त्यासाठी ‘द नंबर ऑफ लीक्स हॅज इन्क्रीज्ड’ हवं. पहिलं वाचून माणूस आहे ते सांधे उघडून बघेल. दुसरं वाचून तो नव्या गळत्या कुठे सुरू झाल्या ते शोधेल. देखभालीच्या अहवालात हा फरक किरकोळ नाही.

गंमत म्हणजे इथे क्रियापद मुळात बरोबर होतं आणि आर्टिकल चुकलेलं होतं. पहिल्या वाक्यातही चूक आर्टिकलचीच, फक्त उलट बाजूने. नियम पाठ असणारा माणूस दोन्हीकडे क्रियापद बदलतो आणि दोन्हीकडे नुकसान करतो.

सुटसुटीत

बाप रे. मी हे वाक्य ‘हॅव’ करून पुढे पाठवणारच होते. लेखकाला फोन करून विचारते आता, त्याला नक्की काय म्हणायचं होतं.

काटछाट

विचाराच. संपादकाला हे कागदावरून कळण्याचा मार्ग नाही. जोडलेल्या तक्त्यात जागांची मोजदाद असेल तर अंदाज बांधता येतो, पण विचारणं बरं.

कीबोर्ड

मी अहवाल .txt करून घेतो आणि संशयास्पद ओळी काढायला हे चालवतो. कुणाला उपयोग झाला तर बघा.

```
grep -niE "the number of .*(are|were|have)\b" report.txt
```

‘द नंबर ऑफ’च्या पुढे त्याच ओळीत अनेकवचनी क्रियापद आलं की ओळ क्रमांकासकट समोर येते.

निशिगंध

कीबोर्ड, चालवून बघितलं. माझ्या फाइलमध्ये ‘द नंबर ऑफ सॉफ्टवेअर लायसन्सेस वॉज’ असलेली ओळ पकडली! तिच्यात यातलं एकही क्रियापद नाही.

कीबोर्ड

software चा शेवट are ने होतो ना, त्यामुळे. hardware आणि spare पण अडकतील. आधीच्या बाजूलाही शब्दाची सीमा द्यायला हवी:

```
grep -niE "the number of .*\b(are|were|have)\b" report.txt
```

काटछाट

हत्यार चांगलं आहे, पण त्याने दाखवलेली प्रत्येक ओळ चूक समजू नका. ताईंचं तिसरं वाक्य बघा: ‘द नंबर ऑफ लीक्स दॅट वेअर फाउंड इन द सेकंड राउंड आर लेस’. यातला ‘वेअर’ अगदी योग्य जागी आहे. तो ‘दॅट’च्या पोटवाक्यातला आहे आणि सापडलेल्या गळत्यांबद्दल बोलतो, गळत्या अनेक. चूक पुढच्या ‘आर’मध्ये आहे. कर्ता ‘नंबर’ इतका मागे राहिला की लिहिणाऱ्याच्या कानात ‘वेअर फाउंड’ घुमत राहिलं आणि त्याने तेच वचन पुढे ओढलं. अहवालांत ही चूक नेहमी दिसते, आणि कर्ता व क्रियापदामध्ये जितके शब्द जास्त, तितकी ती वाढते. पोटवाक्य बोटाने झाकून वाचा: ‘द नंबर ऑफ लीक्स … इज’. लगेच ऐकू येतं.

शिवाय ‘लेस’ तिथे नको. आपण ‘संख्या कमी’ म्हणतो, म्हणून ‘लेस’ सुचतं, आणि ‘संख्या जास्त’साठी ‘मोअर’. इंग्रजीत नंबर ‘लोअर’ किंवा ‘स्मॉलर’ असतो, ‘हायर’ किंवा ‘लार्जर’ असतो. तर पूर्ण वाक्य: ‘द नंबर ऑफ लीक्स फाउंड इन द सेकंड राउंड इज लोअर’. ‘दॅट वेअर’ गाळलं की वाक्य आटोपशीर होतं आणि grep ची तक्रारही बंद.

तुमची आज्ञा एक प्रकार मात्र कधीच पकडणार नाही. ‘द नंबर ऑफ व्हॉल्व्ज वॉज रिप्लेस्ड’, म्हणजे पहिल्या तपासनिसाने ‘सुधारलेलं’ वाक्य, तिच्या हातून सहज सुटेल.

कीबोर्ड

मान्य. वाक्य दोन ओळींत तुटलं असेल तरी सुटतं. वर्डमध्ये करायचं असेल तर सरळ number of शोधा आणि एकेक बघत जा, तेवढं डोळ्यांनीच करावं लागेल.

निशिगंध

मी प्रयोगशाळेत आहे, आमची दुखणी वेगळी. ‘५० मिली ॲसिड वॉज ॲडेड’ की ‘वेअर ॲडेड’? मार्गदर्शक ‘वॉज’ म्हणतात, सोबतचा मुलगा म्हणतो ५० म्हणजे अनेक. आणि टक्क्यांचं काय? ‘२० परसेंट ऑफ द सॅम्पल्स वॉज कंटॅमिनेटेड’ असं एका लेखात वाचलं, ते बरोबर वाटत नाही.

ठोकताळा

परसेंट म्हणजे शंभरातले वीस. वीस म्हणजे अनेकवचन. नेहमीच.

काटछाट

नेहमीच नाही. टक्क्याला स्वतःचं वचन नसतं, तो पुढच्या नामाकडून ते उसनं घेतो. ‘२० परसेंट ऑफ द सॅम्पल्स वेअर कंटॅमिनेटेड’, पण ‘२० परसेंट ऑफ द वॉटर वॉज लॉस्ट’. निशिगंध, तुम्हाला खटकलं ते योग्यच होतं. ‘हाफ ऑफ’, ‘टू थर्ड्स ऑफ’ यांचंही तसंच.

पण ‘परसेंटेज’ हा शब्द आला की आपण पुन्हा मूळ धाग्यावर येतो, कारण तो ‘नंबर’च्याच वळणाने जातो. ‘द परसेंटेज ऑफ कंटॅमिनेटेड सॅम्पल्स वॉज हाय’, इथे बोलणं टक्केवारीबद्दल. ‘अ लार्ज परसेंटेज ऑफ द सॅम्पल्स वेअर कंटॅमिनेटेड’, इथे नमुन्यांबद्दल. विधेय बघायचं तेच तंत्र इथेही चालतं: दूषित नमुने होतात, टक्केवारी दूषित होत नाही.

मिलीबद्दल तुमचे मार्गदर्शक बरोबर. ५० मिली ही एक मात्रा आहे, एकदाच ओतलेली, म्हणून ‘वॉज ॲडेड’. १० मिलीचे पाच हिस्से वेगवेगळे घातले असतील तर ‘फाइव्ह १०-मिली पोर्शन्स वेअर ॲडेड’, कारण आता तुम्ही हिस्से मोजताय. काही ठिकाणी ‘५० मिली वेअर’ही छापलेलं दिसेल. त्यावरून मी कुणाशी भांडत नाही, एका अहवालात एकच पद्धत असली म्हणजे झालं.

निशिगंध

आमच्या अहवालात दोन्ही आहेत, एकाच पानावर. उद्या बसून नीट करते.

ठोकताळा

मग माझा ‘द’ आणि ‘अ’चा नियम फेकूनच द्यायचा का? ‘अ टोटल ऑफ ६२ व्हॉल्व्ज’ला तर तो लागतो की.

काटछाट

तिथे लागतो. ‘अ टोटल ऑफ ६२ व्हॉल्व्ज वेअर इन्स्पेक्टेड’, आणि ‘द टोटल वॉज ६२’. ताईंचं चौथं वाक्य तुमच्या नियमाने सुटलं. खरं तर ‘६२ व्हॉल्व्ज वेअर इन्स्पेक्टेड’ एवढंच पुरतं. वाक्याची सुरुवात अंकाने नको, म्हणून लोक पुढे ‘अ टोटल ऑफ’ लावतात.

नियम ‘नंबर’, ‘टोटल’, ‘परसेंटेज’, ‘ॲव्हरेज’ या कुटुंबापुरता ठेवा. बाहेर नेला की फसतो. ‘द मेजॉरिटी ऑफ द व्हॉल्व्ज वेअर साउंड’, ‘द रेस्ट ऑफ द व्हॉल्व्ज वेअर क्लीन्ड’: दोन्हीकडे ‘द’ आणि दोन्हीकडे अनेकवचन. उलट ‘अ सीरीज ऑफ टेस्ट्स वॉज कॅरीड आउट’मध्ये ‘अ’ असून एकवचन, कारण तिथे चाचण्यांची मालिका ही एक गोष्ट म्हणून धरली जाते.

जुनाखोड

म्हणजे ‘सीरीज’ला शेपटाचा नियम लागतो आणि ‘नंबर’ला लागत नाही. मी काय म्हणत होतो?

काटछाट

तुमचा नियम मरत नाही हो, फक्त ‘अ नंबर ऑफ’च्या दारात त्याला चप्पल काढून ठेवावी लागते.

सुटसुटीत

लेखकाशी बोलणं झालं. त्याला गळतीच्या जागा वाढल्या असंच म्हणायचं होतं, तेव्हा ‘द नंबर ऑफ लीक्स हॅज इन्क्रीज्ड’ पक्कं. शिवाय पहिल्या वाक्यात मी १४ हा आकडा घातला. दोन्ही तपासनीस गप्प आहेत, बहुधा आपापली बाजू जिंकली असं दोघांनाही वाटतंय.

आणखी एक अडलंय. पुरुष आणि महिला कर्मचाऱ्यांची संख्या एकाच वाक्यात द्यायची आहे, १९ आणि ६. ‘द नंबर ऑफ मेन अँड विमेन वॉज १९ अँड ६’ हे कानाला लंगडं वाटतं.

काटछाट

लंगडंच आहे, कारण संख्या दोन आहेत. ‘द नंबर्स ऑफ मेन अँड विमेन वेअर १९ अँड ६, रिस्पेक्टिव्हली’. इथे ‘नंबर्स’ असं अनेकवचन चालतं. दोघांची मिळून एकच बेरीज २५ द्यायची असेल तर ‘द नंबर … वॉज २५’. मी स्वतः ‘देअर वेअर १९ मेन अँड ६ विमेन’ लिहून मोकळा होतो.

गणिताचा_मास्तर

आता मला खरा प्रश्न समजला, तर माझाही एक घ्या. ‘वन इन फाइव्ह व्हॉल्व्ज वॉज लीकिंग’ की ‘वेअर लीकिंग’? पाचात एक म्हणजे एक, म्हणून ‘वॉज’. पण ६२ व्हॉल्व्हांचं ते प्रमाण असेल तर गळणारे बाराएक निघतात. गणित म्हणतं अनेकवचन.

जुनाखोड

‘वन’ लिहिलंय. वन म्हणजे एक. यात गणित कुठून आलं?

काटछाट

या एका बाबतीत मी जुनाखोडांच्या बाजूला आहे, ‘वॉज’ लिहितो. पण मास्तरांसारखा विचार करून ‘वेअर’ लिहिणारे चांगले संपादक मला माहीत आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. प्रमाण हे समूहाबद्दलचं विधान आहे, त्या एका व्हॉल्व्हबद्दलचं नाही.

निशिगंध

आमच्याकडे ‘वेअर’ लिहितात. मला ‘वॉज’ वाचलं की तो एकच बिचारा नमुना डोळ्यांसमोर येतो.

सुटसुटीत

आमच्या अहवालात हे वाक्य येणार नाही याची मी व्यवस्था करते आहे. ‘१२ ऑफ द ६२ व्हॉल्व्ज वेअर लीकिंग’ लिहिते आणि फाइल आज पाठवून देते. तुमचं चालू द्या.

गणिताचा_मास्तर

पण ६२ चा पाचवा हिस्सा १२.४ येतो. नक्की बाराच होते ना?